शेवटच्या थेंबाच्या अलीकडे

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या प्रत्येकाला तो एक थेंब आठवत असेल. ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, दुसऱ्या हातानं शंकूपात्र घुसळत राहायचं, आणि आतलं स्वच्छ द्रावण एका थेंबासरशी फिकट गुलाबी झालं की चावी बंद करून रीडिंग घ्यायचं. रंग फिकट राहिला तर एंड पॉइंट मिळाला. गडद झाला तर थेंब जास्त पडला. मग पुन्हा पिपेट, पुन्हा ब्युरेट भरणं, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नमुना स्वतःच रंगीत असला की मात्र डोळ्याचा काही उपयोग होत नाही. माल्टचा किंवा उसाच्या रसाचा व्हिनेगर तपकिरी असतो आणि त्यात फेनॉल्फ्थॅलीनची गुलाबी छटा बुडून जाते. भरपूर पाणी घालून रंग फिकट करता येतो, पण मग छटा नेमकी कोणत्या थेंबाला पालटली याबद्दल शेजारी उभ्या असलेल्या दोघांचं एकमत होत नाही. व्हिनेगरमध्ये आम्ल किती, हा प्रश्न काही केवळ जर्नल पूर्ण करण्यापुरता नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ ग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल असावं लागतं. सीमेच्या आसपासचा नमुना हातात असेल तर अर्ध्या मिलिलिटरचा घोळही परवडत नाही.

अशा वेळी इंडिकेटरची बाटली बाजूला ठेवून पीएच मीटर पुढे ओढतात. बीकरमध्ये व्हिनेगर आणि पाणी, त्यात बुडवलेला काचेचा इलेक्ट्रोड, तळाशी फिरणारी चुंबकी ढवळणी आणि वर ब्युरेट. थोडं थोडं सोडा द्रावण सोडायचं आणि दर वेळी पीएच लिहून घ्यायचा. हे आकडे आलेखावर मांडले की ओळखीची ती वळणदार रेघ मिळते: आधी संथ चढ, मग एकदम उभी चढण, मग पुन्हा संथ. उभ्या चढणीच्या मधोमध एंड पॉइंट असतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. अडचण आहे ती नेमक्या त्याच जागेची.

एक नमुना हिशेबाला घेऊ. २ मिलिलिटर व्हिनेगर पिपेटनं बीकरमध्ये घेतला, अंदाजे ५० मिलिलिटर पाणी घातलं आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर कॉस्टिक सोडा भरला. खाली दिलेले आकडे अ‍ॅसिटिक आम्लाच्या गणितातून काढलेले आहेत. चांगला मीटरही थोड्याफार फरकानं असेच दाखवतो. या नमुन्यात सगळं आम्ल संपायला १४.६० मिलिलिटर सोडा लागतो असं आपण धरलं आहे, पण टायट्रेशन करणाऱ्याला ते ठाऊक नाही. त्याला तेच तर शोधायचं आहे.

आता शेवटाजवळ काय होतं ते पाहा. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. १४.५५ मिलिलिटरला पीएच ७.२ च्या आसपास असतो. पुढच्या थेंबाला तो साडेआठवर जातो आणि त्याच्या पुढच्या थेंबाला ९.९ वर. दोन थेंबांत जवळजवळ पावणेतीन पीएच! इथं द्रावणाला स्वतःचा म्हणून काही भार उरलेला नसतो. आम्ल संपत आलेलं, जास्तीचा सोडा अजून यायचा. त्यामुळे ढवळणी नीट चालत नसेल, इलेक्ट्रोड सुस्त असेल, हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळला असेल, तर त्या प्रत्येकाचा परिणाम इथंच सगळ्यात मोठा दिसतो. मीटरवरचा आकडा मिनिट मिनिट सरकत राहतो. आणि आपण मात्र इथंच सर्वांत बारीक रीडिंग घ्यायला बसलेले असतो, कारण चढण सर्वांत उभी कुठे हे थेंबाथेंबाचं रीडिंग घेतल्याशिवाय कळत नाही. मोजमाप जिथे सर्वांत डळमळीत, तिथूनच उत्तर काढायचं, असा हा उलटा कारभार आहे.

गुन्नर ग्रान या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं ही अडचण वेगळ्याच बाजूनं सोडवली. त्याचा पहिला लेख १९५० साली ‘अ‍ॅक्टा केमिका स्कँडिनाव्हिका’ या नियतकालिकात आला आणि दुसरा, आज ज्याच्या नावानं ही पद्धत चालते तो, १९५२ साली ‘दि अ‍ॅनालिस्ट’मध्ये. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की शेवट शोधायला शेवटापर्यंत जायचीच गरज नाही. अलीकडची, भरवशाची रीडिंग घ्या, त्यांना थोडं गणित लावा, म्हणजे ती सरळ रेषेत येतील; मग ती रेषा पट्टीनं पुढे वाढवा आणि ती आडव्या अक्षाला कुठे टेकते ते वाचा.

घराच्या गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. नळ एकसारखा चालू आहे आणि टाकी रिकामी होते आहे. दर पाच मिनिटांनी पाण्याची पातळी लिहून घेतली तर टाकी कधी कोरडी पडेल हे सांगायला शेवटच्या थेंबाची वाट पाहत बसावं लागत नाही. चारपाच नोंदींवरून रेषा ओढली की वेळ कळते. टायट्रेशनमध्येही तेच चाललेलं असतं. बीकरमधलं उरलेलं आम्ल ही टाकी. सोड्याच्या प्रत्येक मिलिलिटरला ती ठरावीक मापानं रिकामी होते. फरक इतकाच, की आपल्याकडे पातळी दाखवणारी पट्टी नाही. मीटर पीएच दाखवतो, आणि पीएच म्हणजे उरलेलं आम्ल नव्हे.

ग्रानचं गणित हीच पट्टी तयार करतं. ते समजायला अवघड नाही, म्हणून पूर्णच पाहू.

अ‍ॅसिटिक आम्ल सौम्य आहे. पाण्यात त्याचा अगदी थोडा भाग हायड्रोजन आयन सोडतो. त्यात सोडा घातला की जितका सोडा, तितक्या आम्लाचं अ‍ॅसिटेट होतं. बाकीचं आम्ल तसंच राहतं. अशा मिश्रणात हायड्रोजन आयन किती असतील हे एका गुणोत्तरावर ठरतं: उरलेलं आम्ल भागिले तयार झालेलं अ‍ॅसिटेट. या गुणोत्तराला आम्लाचा स्वतःचा एक स्थिरांक, Ka, लावला की हायड्रोजन आयनांची संहती मिळते. तयार झालेलं अ‍ॅसिटेट ब्युरेटमधून गेलेल्या सोड्याच्या प्रमाणात असतं. त्या आकारमानाला V म्हणू. उरलेलं आम्ल हे अजून घालायच्या सोड्याच्या प्रमाणात, म्हणजे Ve − V इतकं, जिथे Ve हा आपल्याला हवा असलेला शेवटचा आकडा. भागाकारातला V नकोसा असेल तर दोन्ही बाजूंना V नं गुणायचं. झालं:

V × 10^(−pH) = Ka × (Ve − V)

उजवी बाजू पाहा. V वाढेल तशी ती एकसारखी घटते आणि V जेव्हा Ve इतका होतो तेव्हा बरोबर शून्य होते. डाव्या बाजूला फक्त दोनच गोष्टी आहेत, ब्युरेटचं रीडिंग आणि मीटरचं रीडिंग, आणि दोन्ही वहीत लिहिलेली आहेत. 10^(−pH) हे पीएच उलटं वाचणं आहे: पीएच काढताना लॉग घेतलेला असतो, तो इथं सोडवला. पीएचच्या आलेखाला ते वळण येतं ते मुळात या लॉगमुळे. लॉग काढून टाकला की खालची सरळ रेषा उघडी पडते.

एक गोष्ट मला या समीकरणात नेहमीच आवडत आली आहे. बीकरमध्ये पाणी किती घातलं हे त्यात कुठेच नाही. आम्ल आणि अ‍ॅसिटेट दोन्ही एकाच पाण्यात असल्यामुळे भागाकारात पाण्याचं आकारमान कटून जातं. म्हणून वर मी ‘अंदाजे ५० मिलिलिटर’ असं बिनधास्त लिहू शकलो. पिपेट आणि ब्युरेट अचूक हवीत. पाणी वॉशबॉटलनं इलेक्ट्रोड बुडेपर्यंत घाला.

आता आपल्या नमुन्याची रीडिंग. शेवटचा रकाना V × 10^(−pH) चा आहे. आकडे फार लहान येतात म्हणून दहा लाखांनी गुणून लिहिले आहेत.

| सोडा (मि.लि.) | पीएच | गुणाकार |
|---|---|---|
| १०.०० | ५.०४ | ९१.२ |
| ११.०० | ५.१८ | ७२.७ |
| १२.०० | ५.३६ | ५२.४ |
| १३.०० | ५.६१ | ३१.९ |
| १४.०० | ६.०७ | ११.९ |

मधला रकाना वरून खाली वाचला तर काही विशेष दिसत नाही, आधी ०.१४ नं वाढ, मग ०.१८, मग ०.२५, मग ०.४६. शेवटचा रकाना वाचला की लगेच लक्षात येतं, दर मिलिलिटरला सुमारे २० कमी. १४ मिलिलिटरला ११.९ उरले आहेत आणि दर मिलिलिटरला २० जातात, म्हणजे अजून ०.६ मिलिलिटर. तोंडी हिशेबानंही १४.६ येतात. पाचही बिंदूंमधून सर्वांत जवळची रेषा काढली तर ती अक्षाला १४.६१ वर टेकते. खरा आकडा १४.६० होता. पीएच दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिल्यामुळे एवढा फरक पडला, आणि तो एका थेंबाच्या पाचव्या भागाइतका आहे.

लक्षात घ्या, सोडा एकेका मिलिलिटरनं घातला आणि १४ ला थांबलो. थेंब मोजले नाहीत. दर रीडिंगला द्रावणात आम्ल आणि अ‍ॅसिटेट दोन्ही भरपूर होतं, त्यामुळे आकडा अर्ध्याएक मिनिटात स्थिरावतो आणि सरकत नाही.

पुढचं सरळ आहे. १४.६१ मिलिलिटरला ०.१ नं गुणलं की १.४६१ मिलिमोल आम्ल. अ‍ॅसिटिक आम्लाचा रेणुभार ६०.०५, म्हणजे ८७.७ मिलिग्रॅम, ते २ मिलिलिटरमध्ये होतं, म्हणून १०० मिलिलिटरमध्ये ४.३९ ग्रॅम. व्हिनेगर नियमात बसतो.

आज हे सगळं स्प्रेडशीटमध्ये दोन ओळींचं काम आहे. A रकान्यात सोडा, B मध्ये पीएच लिहिला असेल तर C2 मध्ये पहिली ओळ टाकून खाली ओढायची आणि दुसरी ओळ कुठल्याही मोकळ्या चौकटीत टाकायची. तिथे Ve मिळतो.

```
=A2*10^(-B2)
=-INTERCEPT(C2:C6,A2:A6)/SLOPE(C2:C6,A2:A6)
```

ग्रानच्या काळात हे इतकं सोपं नव्हतं. प्रत्येक पीएचचा अँटिलॉग कोष्टकातून काढायचा, गुणाकार करायचा आणि मग आलेख. म्हणून १९५० च्या लेखात त्यानं अँटिलॉग टाळणारी सोपी वाट दिली होती: दोन रीडिंगमधला सोड्याचा फरक भागिले पीएचचा फरक हा आलेखावर मांडायचा. तीही रेषा शेवटाकडे शून्याला जाते, पण ती जवळपास सरळ असते, अगदी सरळ नव्हे. दोन वर्षांनंतरचं समीकरण जास्त कष्टाचं पण जास्त काटेकोर होतं. पुढे खास या कामासाठी छापलेला आलेखकागद विकत मिळू लागला. त्यावर उभी पट्टीच अँटिलॉगची असल्यामुळे मीटरचं रीडिंग जसंच्या तसं मांडलं तरी रेषा सरळ यायची. गणकयंत्र हाती आल्यावर तो कागद मागे पडला.

इथपर्यंत वाचून कुणालाही शंका येईल: सरळ रेषा पुढे वाढवायची ती कशाच्या भरवशावर? अलीकडच्या रीडिंगमध्ये चूक असेल तर ती पुढे वाढत जाणार नाही का? शंका रास्त आहे. पण ग्रानच्या रेषेचा स्वभाव असा, की चूक असली तर ती बहुतेक वेळा रेषा वाकवून ती दाखवते. म्हणून रेषा पुढे वाढवण्याआधी ती कुठे आणि कुठल्या बाजूला वाकते आहे हे पाहणं हे या पद्धतीतलं खरं काम आहे. नुसतं स्प्रेडशीटनं दिलेलं Ve उचलून वहीत लिहिणारा अर्धीच पद्धत वापरतो.

सुरुवातीची रीडिंग आधी पाहू. आपल्याच नमुन्यात १ मिलिलिटरला पीएच ३.६२ येतो आणि गुणाकार सुमारे २३९. रेषेच्या हिशेबानं तो २७२ हवा होता. म्हणजे बिंदू बराच खाली पडला. कारण आपण गृहीत धरलं होतं की अ‍ॅसिटेट फक्त सोड्यामुळेच तयार होतं, आणि सुरुवातीला ते खरं नसतं. सोडा अजून थोडाच गेलेला असतो आणि आम्ल आपोआप जे थोडं विलग होतं त्यातून आलेलं अ‍ॅसिटेट त्याच्या तुलनेत नगण्य नसतं. ४ मिलिलिटरपर्यंत हा फरक एका टक्क्यावर येतो आणि पुढे विसरण्याजोगा होतो. तेव्हा सुरुवातीचे बिंदू रेषेखाली असले तर घाबरायचं कारण नाही, फक्त ते हिशेबात धरायचे नाहीत. साधारणपणे आम्ल निम्मं संपल्यापासून ते नव्वद-पंच्याण्णव टक्के संपेपर्यंतचा पट्टा सर्वांत चांगला.

शेवटच्या टोकाशी वेगळा प्रकार होतो. पीएच सहाच्या वर गेला की काही वेळा बिंदू रेषेवरून निसटून उजवीकडे रेंगाळू लागतात. रेषा शून्याला टेकायच्या बेतात असताना तिला शेपूट फुटल्यासारखं दिसतं. बहुतेक वेळा याला कारण कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळलेला असतो, किंवा सोड्याची बाटली उघडी राहिल्यामुळे सोड्यातच कार्बोनेट झालेलं असतं. पीएच साडेपाच-सहापर्यंत हा आयता आलेला कार्बनिक आम्लाचा वाटा फारसा सोडा खात नाही; त्याच्यापुढे मात्र तो आपला हिस्सा मागू लागतो. रंग पाहून केलेल्या टायट्रेशनमध्ये हे कधीच कळत नाही. फेनॉल्फ्थॅलीन आठ-नऊच्या आसपास रंगतं, तोवर कार्बनिक आम्लानं सोडा खाऊन झालेला असतो आणि तो आपण व्हिनेगरच्या खात्यावर टाकतो. ग्रानच्या आलेखावर शेपूट डोळ्यांना दिसतं, आणि शेपटाच्या आधीच्या सरळ भागावरून उत्तर काढता येतं. उकळून गार केलेलं पाणी वापरलं तर पाण्यातून येणारा वाटा जातो. सोड्यात झालेलं कार्बोनेट मात्र पाणी उकळून जात नाही. त्यासाठी सोडाच ताजा करून पुन्हा प्रमाणित करावा लागतो.

मीटरच्या चुकांची गोष्ट सर्वांत मजेशीर. समजा, बफरची बाटली जुनी होती आणि मीटर प्रत्येक रीडिंग ०.१० नं जास्त दाखवतो आहे. रंगाऐवजी ‘पीएच अमुक झाला की थांबायचं’ अशी पद्धत वापरणाऱ्याला हे बाधतं. ग्रानच्या गणितात मात्र प्रत्येक गुणाकार एकाच संख्येनं, इथं सुमारे ०.७९ नं, लहान होतो. सगळी रेषा त्याच प्रमाणात चपटी होते, पण शून्याचं ०.७९ पट शून्यच. रेषा अक्षाला जिथे टेकत होती तिथेच टेकते. आम्ल किती, याचं उत्तर तसंच राहतं. बिघडतो तो फक्त रेषेचा उतार, म्हणजे Ka.

दुसरी चूक इतकी निरुपद्रवी नाही. चांगला काचेचा इलेक्ट्रोड २५ अंश सेल्सिअसला दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. जुना, कोरडा पडलेला किंवा चिकट नमुन्यांनी माखलेला इलेक्ट्रोड कमी देतो. समजा तो ९५ टक्केच देतो, आणि मीटर फक्त पीएच ७ च्या बफरवर जुळवला आहे. मग ५.०४ च्या जागी ५.१३ दिसतो, ५.३६ च्या जागी ५.४४ किंवा ५.४५. गुणाकार आता एकाच पटीत लहान होत नाहीत, प्रत्येकाची पट वेगळी. रेषा हलकीशी वाकते. १० आणि १२ मिलिलिटरच्या बिंदूंतून रेषा ओढली तर ती १४.८४ वर टेकते. पाव मिलिलिटरची, म्हणजे दीड टक्क्याहून जास्त चूक, आणि ती वाक पाचसहा बिंदूंमध्ये नजरेला सहज न जाणवण्याइतकी हलकी. इथं एक युक्ती आहे. रेषा दोनदा काढा: एकदा १० ते १२ च्या बिंदूंवरून, एकदा १२ ते १४ च्या. दोन्ही वेळा Ve जवळजवळ तोच आला तर इलेक्ट्रोड ठीक. शेवटाकडची रेषा वेगळा आकडा सांगत असेल तर दोष बहुधा इलेक्ट्रोडच्या उताराचा आहे, आणि पीएच ४ व ७ अशा दोन बफरवर मीटर पुन्हा जुळवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मीटर दोन बफरवर जुळवणं ही सगळ्याच प्रयोगशाळांत सांगितली जाणारी गोष्ट आहे, पण ती का, हे मला इतकं स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या आलेखात दिसलेलं नाही.

उताराबद्दल एक शब्द. आपल्या रेषेचा उतार दर मिलिलिटरला सुमारे २० होता, म्हणजे Ka २.० × १०⁻⁵. पुस्तकात अ‍ॅसिटिक आम्लाचा Ka १.७५ × १०⁻⁵ दिलेला असतो. आकडा चुकला नाही. पुस्तकातला आकडा जवळजवळ शुद्ध पाण्यासाठी आहे. आपल्या बीकरमध्ये सोडियम आणि अ‍ॅसिटेटचे आयन आहेत आणि विद्युतभार असलेले आयन आजूबाजूला असले की अ‍ॅसिटेटची प्रभावी संहती थोडी कमी भरते. एवढ्या आयनांना Ka दहा-पंधरा टक्क्यांनी वाढलेला दिसणं अपेक्षितच आहे. उतार याच्या निम्मा किंवा दुप्पट आला तर मात्र मीटरची जुळणी तपासायची, नाहीतर बाटलीत अ‍ॅसिटिकखेरीज दुसरंच काही आम्ल आहे का ते पाहायचं.

आणि इथंच या पद्धतीची हद्दही लागते. लिंबाच्या रसावर हेच समीकरण लावलं तर रेषा सरळ येणार नाही. सायट्रिक आम्लाला सोडायला तीन हायड्रोजन असतात आणि ते एकामागून एक, पण एकमेकांत मिसळत सुटतात. पहिल्याचा pKa सुमारे ३.१, दुसऱ्याचा ४.८, तिसऱ्याचा ६.४. एका वेळी एकच गुणोत्तर चालतं हे आपलं गृहीतकच तिथं कोसळतं. शेवटच्या हायड्रोजनपुरतं, म्हणजे टायट्रेशनच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, समीकरण थोडं बदलून वापरता येतं, पण तोवर दुसऱ्या हायड्रोजनची सावली पूर्ण सरलेली नसते आणि रेषा थोडी वाकडीच येते. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाचीही हीच तऱ्हा. अशा नमुन्यांना संगणकावर सगळं वक्र एकत्र जुळवणं बरं. फारच सौम्य आम्लाचंही जमत नाही. Ka १०⁻¹० च्या खाली गेला की अ‍ॅसिटेटसारखा तयार झालेला भाग स्वतःच पाण्याशी खेळू लागतो आणि रेषेची दोन्ही टोकं वाकून मधे सरळ असं काही उरतच नाही.

उलट तीव्र आम्ल असेल, हायड्रोक्लोरिकसारखं, तर काम आणखी सोपं. तिथं हायड्रोजन आयन हेच उरलेलं आम्ल, त्यामुळे पीएच उलटा करून बीकरमधल्या एकूण आकारमानानं गुणलं की झालं. मात्र इथं पाणी कटत नाही. सुरुवातीचं पाणी मोजूनच घ्यावं लागतं आणि ब्युरेटमधून गेलेलं त्यात मिळवत जावं लागतं.

हेच तीव्र आम्लाचं रूप उलट्या बाजूनं वापरून नद्या-तलावांच्या पाण्याचा कस मोजतात. पाण्यात आम्ल थोडं थोडं घालतात, बायकार्बोनेट संपल्यानंतरची, म्हणजे शेवटाच्या पलीकडची रीडिंग घेतात, आणि वर चढणारी रेषा मागे वाढवून ती शून्याला कुठे टेकते ते पाहतात. पाणी आम्ल किती पचवू शकतं हे त्या आकड्यावरून कळतं. स्कँडिनेव्हियात आम्लवर्षेनं तलावांतले मासे मरू लागले तेव्हा या मोजणीला एकाएकी मोल आलं. तिथल्या काही तलावांचं पाणी बीकरमध्ये घेतलं की रेषा मागे जाताजाता शून्याच्याही डावीकडे टेकायची. प्रयोगशाळेत आम्लाचा पहिला थेंब पडण्याआधीच त्या पाण्याचा एंड पॉइंट होऊन गेलेला असे, आणि तो किती मागे पडला हेही रेषा मिलिलिटरमध्ये सांगे.